दोन मुठी मीठ

"आज पुन्हा मिठाचं पोतं फुटलं वाटतं," शेजारच्या टेबलावरचे ज्ञानोबा वरणाच्या वाटीत तोंड घालून पुटपुटले.

वाटीलाच सांगत होते ते. पण केवळाई खानावळीत टेबलं इतकी खेटून मांडलेली, की एकाचा कोपर हलला तर दुसऱ्याचं ताक सांडतं. त्यामुळे विशाखाला सगळं ऐकू आलं. ज्ञानोबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आयुष्यभर खच्चून भरलेल्या गाडीत ओरडून "पुढं सरका" म्हणणारा माणूस. पण इथं त्यांचा आवाज वाटीबाहेर निघायचा नाही.

तेवढ्यात देविदासकाका वरणाची बादली घेऊन आले. पासष्टी उलटलेले, पांढरं धोतर, खांद्यावर पंचा.

"कसं काय, ज्ञानोबा? वाढू अजून?"

"एक नंबर काका! पण पोट भरलं बगा."

काका विशाखाकडे वळले. "ताई, तुमाला?"

"नको काका. छान झालंय," विशाखा म्हणाली, आणि ताकाचा तिसरा ग्लास जवळ ओढला.

विशाखा मूळची बिलोलीकडची, संसार नांदेडला आणि नोकरी लातूरच्या भूमी अभिलेख कार्यालयात. सोमवारी पहाटेच्या गाडीने यायचं, भाड्याच्या खोलीत राहायचं, शनिवार-रविवार नांदेड. काम साठलं तर एखादा शनिवार लातुरातच जायचा. दोन वर्षं दुपारचं जेवण इथंच. ती आली तेव्हा चुलीपाशी नागाबाई होत्या, काकांची बायको. ठेंगणी, सावळी, बोलायला फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी विशाखाला विचारलं होतं, "नवरा सोडून आलाव का नवऱ्यानं सोडलं?" बदलीचं कळल्यावर म्हणाल्या, "मंग दोन भाकरी जास्त खा. बदली लई वाईट." येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं लातूर शेतात जेवायला जातं; त्या दिवशी खोलीवर एकटी राहिलेल्या विशाखाला नागाबाईंनी भज्जी, उंडे आणि आंबिलाचा डबा पाठवला होता. डब्याच्या झाकणावर चुन्याने लिहिलं होतं, "इशाखाबाई". तिने डबा धुतला, पण झाकण न धुता तसंच परत केलं, नाव पुसलं जाईल म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर नागाबाई गेल्या. आठ दिवस खानावळ बंद होती, मग उघडली. भाकऱ्या सून शिवकन्या थापायला लागली, आणि भाकऱ्या तशाच राहिल्या. पातळ, तव्यावरून थेट ताटात. बिघडलं ते वरण. पण घरात काय आणि बाहेर काय, "नागाबाई गेल्या" हे वाक्य कुणाच्या तोंडून निघत नव्हतं. शिवकन्या "आत्याबाई होत्या तवा" म्हणायची, मुलगा अंगद "आईच्या टायमाला" म्हणायचा, आणि काका तर काहीच म्हणायचे नाहीत. अशा माणसाला वरण खारट झालं म्हणून कुणी सांगावं? गिऱ्हाइकांनी सांगितलं नाही. गिऱ्हाइकं ताक प्यायची. काही जण हळूहळू यायचे बंद झाले.

ज्यांना काकांचं तोंड बघून बोलावं लागत नव्हतं, ते मात्र बोलले. खानावळीच्या गुगलच्या पानावर कुणीतरी एक स्टार देऊन लिहिलं, "मीठ फुकट हाय का?" दुसऱ्याने लिहिलं, "वरण म्हणजे समुद्र." अंगदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, जेवणाच्या वेळी तो खानावळीच्या गल्ल्यावर बसायचा. त्याला वाटलं, हे कोपऱ्यावरच्या नव्या हॉटेलवाल्याचं काम. त्याने आपल्या परीने उपाय केला. कुठल्याशा मोठ्या हॉटेलला मिळालेली स्तुती उचलली, वरचं नाव बदललं, आणि ओळखीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवली. "मॅडम, फक्त कॉपी करा, पेस्ट करा, पाच स्टार दाबा. एका मिन्टाचं काम हाय."

विशाखाने ऑफिसात चहा येईपर्यंत ते केलं. वाचलंसुद्धा नाही. दिवसभर लोकांच्या जमिनीच्या हद्दी बोटाबोटाने तपासणारी बाई, पण त्या दिवशी न वाचता सही केल्यासारखं केलं. एकतीस जणांनी तसंच केलं.

ज्या गुरुवारी ज्ञानोबा मिठाचं पोतं फुटलं म्हणाले, त्याच दुपारी दारात महानंदाबाई उभ्या राहिल्या. शिकवणीच्या क्लासच्या गल्लीतल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या रेक्टर. चाळीस मुलींचे दोन वेळचे डबे कुणाला द्यायचे ते त्या ठरवणार होत्या. ते डबे मिळाले तर खानावळ टिकेल, नाहीतर ज्येष्ठात कुलूप, हे अंगदने विशाखाला परवाच सांगितलं होतं. सांगताना पुन्हा "आईच्या टायमाला" निघालंच होतं.

महानंदाबाईंनी चपला दारात काढल्या, खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि मोबाइलवरून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'अप्रतिम चव, तत्पर सेवा आणि प्रसन्न वातावरण! एसी फॅमिली हॉल, प्रशस्त पार्किंग, पंजाबी, चायनीज, तंदूर सर्व प्रकार उपलब्ध. एकदा अवश्य भेट द्या, पुन्हा पुन्हा यावंसं वाटेल!'" त्यांनी वर बघितलं. वर एकच पंखा होता, तोही कुरकुरत होता. "एसी कुठंय, अंगद?"

अंगद गल्ल्यापाशी गोरामोरा. "ते... जनरल लिव्हलंय मॅडम."

"जनरल? एकतीस जणांनी एकच जनरल? तंदूर पण हाय म्हणे. दाखिव मला तंदूर." मग त्यांनी पडद्यावर बोट सरकवत एका अभिप्रायाशेजारचा फोटो मोठा केला आणि समोर धरला. "ह्या तुमीच ना ताई?"

फोटोत विशाखा नांदेडच्या घराच्या गच्चीवर हसत होती. खाली तिच्या नावाने तंदूर.

"मीच," विशाखा म्हणाली. ताटातली भाकरी एकदम मोठी दिसायला लागली.

"तुमी रोज खाता इथं. तंदूर खाल्ला का कदी?"

कुणीतरी हसलं. महानंदाबाई हसल्या नाहीत. "बगा, चाळीस लेकरं माझ्या भरवशावर हायेत. पोट बिघडलं तर मायबाप मला धरतात. मला मोठेपणा नको, खरं पायजे. शनिवारी मी जेवायला येते इथं. तवर ह्या एकतीसातल्या एकानं तरी माणसासारखं लिव्हा. मी ते वाचीन, मग जेवीन, मग सांगीन."

त्या गेल्यावर काका बादली घेऊन मधोमध तसेच उभे होते. "एसी म्हणजे ते गार हवेचं ना?" त्यांनी अंगदला विचारलं. "ते कामून लिव्हलं रं? आपल्याकडं न्हाई ते."

संध्याकाळी विशाखाने खोलीवर आल्या आल्या मोबाइल उघडला. आपलाच अभिप्राय शोधला, बाजूच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, "संपादित करा" आलं. पुसून टाकायला एक क्षण लागला. नवीन लिहायला लागली आणि लिहून झालं, "अतिशय रुचकर जेवण. घरगुती वातावरण." वाचलं. हे तरी कुठे तिचं होतं? हे लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं झालं, कुणाच्याही लग्नाला चालेल असं.

ऑफिसात शेताचं वर्णन करताना कुणी "सुंदर शेत" असं लिहीत नाही. पूर्वेस कुणाचा बांध, पश्चिमेस ओढा, मध्ये एक लिंबाचं झाड, असं लिहितात. तसं लिहू, तिने ठरवलं. मग सुचत गेलं. पंखा कुठे लागतो, साबण असतो पण टॉवेल नसतो, चटणी कशी असते. आणि मग वरण आलं.

"वरण खारट असतं," तिने लिहिलं. लगेच थांबली. रोज असतं का? जे मोजलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय हातात होती. परवा तर वरण अळणी होतं. तिने वरून मीठ मागितलं होतं आणि शिवकन्येचा चेहरा पडला होता.

तिने नांदेडला नवऱ्याला फोन लावला. आनंदराज शाळेत गणित शिकवायचे.

"एका वरणावर तू अर्धा तास विचार करतेस?" ते म्हणाले. "माझ्या खिचडीवर कधी दोन ओळी लिहिल्या नाहीस."

"तुमच्या खिचडीला स्टार द्यायची सोय अजून निघाली नाही. ऐका, बहुतेक दिवशी खारट असतं आणि मधेच अळणी. हे कसं?"

"मधेच म्हणजे कधी? वार आठव."

तिने आठवलं. परवा मंगळवार. मागच्या आठवड्यात अळणी होतं तेव्हा ऑफिसात जनता दरबार होता, तोही मंगळवार. त्याआधी ज्ञानोबांनी खिशातून मिठाची पुडी काढून सगळ्यांना प्रसादासारखी वाटली होती, तेव्हा ते देवीला जाऊन आले होते. तोही मंगळवारच.

"मंगळवारी तिथं काय वेगळं असतं?" आनंदराजांनी विचारलं.

मंगळवारी देविदासकाका गंजगोलाईच्या बाजारात डाळ-तांदूळ आणायला जातात. सकाळी जातात ते कधी अकराला येतात, कधी एकला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने साहेबांना दातांचं कारण सांगितलं आणि साडेदहालाच खानावळीच्या मागच्या दाराने आत गेली. शिवकन्या भाकरी थापत होती. बाजूला वरणाचं मोठं पातेलं रटरटत होतं.

"ताई? एवढ्या लवकर?"

"भाकरीचं लिहायचंय. कशी थापतेस ते बघू दे." हे खोटं नव्हतं, अर्धं होतं.

तेवढ्यात काका आत आले. विशाखा कोपऱ्यात पोत्यांच्या आड होती, त्यांनी तिला पाहिलंच नाही. त्यांनी पाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि फळीवरची चिनी मातीची बरणी दोन्ही हातांनी खाली घेतली. नागाबाईंची मिठाची बरणी. नागाबाई असताना तिला कुणी शिवत नसे, सुनेनेही नाही. "मीठ शेवटी, आणि माझ्या हातानं," असा त्यांचा दंडक होता. काकांनी पातेल्यापाशी उभं राहून विचारलं, "घालू का?" कुणाला ते विचारलं कळलं नाही. थोडं थांबले, जणू कुणी हूं म्हणालं. मग एक मूठ घातली, दुसरी घातली. चव घेतली नाही. बरणी पुसून जागेवर ठेवली आणि बाहेर गेले.

शिवकन्येचे हात पिठात थांबले होते.

"आत्याबाई दोन मुठी घालायच्या," ती हळूच म्हणाली. "मामांनी चाळीस वर्सं तेच पायलंय. पण ताई, आत्याबाईची मूठ केवढी होती! लेकराची असती तेवढी. आन् ह्यांचा हात बगा."

"त्यांना चव कळत नाही का?"

"ते वरण खातच न्हाईत. दिवाळीपासून भाकरी आन् ठेचा. मनतात, वरण नको वाटतंय."

"आणि अंगद?"

"त्यांची वाटी मी आदीच काढून ठिवते. मीठ माझ्या अंदाजानं घालते. म्हणून त्यांना वाटतंय, लोक खोटं बोलून राहिलेत." तिने डोळ्यांत आलेलं दंडाला पुसलं, पीठ गालाला लागलं. "एकदा मी आदीच मीठ घालून ठिवलं आन् सांगितलं, मामा, घातलंय. त्या दिवशी ते त्या फळीखाली बसून राहिले, संध्याकाळपर्यंत. परत मी बोलले न्हाई. मंगळवारी ते कवा येतील कळत न्हाई, म्हणून चिमटी-चिमटी घालते. आले तर घालतील, न आले तर अळणी."

"सांगायला पाहिजे शिवकन्या."

"तुमी सांगा. तुमी शिकलेल्या हाव."

"शिकलेली आहे म्हणूनच तंदूर लिहिला," विशाखा म्हणाली. दोघी जरा हसल्या, आणि हसून झाल्यावर परत तिथंच आल्या.

शनिवारी विशाखाने नांदेडची सकाळची गाडी मुद्दाम जाऊ दिली. अकराला खानावळीत आली. अजून गिऱ्हाईक सुरू व्हायचं होतं, फक्त ज्ञानोबा पेपर वाचत होते, ते घरात पंखा नाही म्हणून लवकर यायचे. अंगद गल्ल्यापाशी. काका ताटं पुसत होते. आत पातेलं रटरटत होतं, अजून मीठ पडलेलं नव्हतं.

"काका, मी लिहिलंय. पण तुम्हाला ऐकवल्याशिवाय टाकणार नाही. नको म्हणालात तर पुसून टाकते."

"वाचा की," काका म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पंचा नीट केला, जणू कुणी फोटो काढणार आहे.

विशाखाने वाचलं.

"'याआधी मी इथे जे लिहिलं होतं ते माझं नव्हतं, माफ करा. इथे एसी नाही. एक पंखा आहे, तो तिसऱ्या टेबलाला लागतो, त्यामुळे तिथे बसायला लवकर यावं लागतं. मी दोन वर्षांपासून रोज दुपारी इथे जेवते. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते, आणि पहिली संपायच्या आत दुसरी. शेंगदाण्याची चटणी उखळात कुटलेली असते, दाताखाली लसणाचा तुकडा येतो. हात धुवायला साबण नेहमी असतो, टॉवेल कधीच नसतो. मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता. दोन दिवस मी आले नाही, तर तिसऱ्या दिवशी इथून मऊ भात आला. मी मागवला नव्हता.'"

ज्ञानोबांनी पेपर खाली ठेवला होता. अंगदच्या ओठांवर जरासं हसू आलं होतं. विशाखाने पुढे वाचलं.

"'वरण मात्र सहा महिन्यांपासून नीट होत नाही. बहुतेक दिवशी खारट असतं, इतकं की मी तीन ग्लास ताक पिते. मंगळवारी अळणी असतं. ही तक्रार मी कधी तोंडाने केली नाही. रोज छान आहे म्हणाले. ती चूक माझी. चार स्टार देते. पाचवा मीठ बरोबर झालं की देईन, कारण इथलं वरण काय असतं ते मला माहीत आहे.'"

"मॅडम!" अंगद उठला. "हे महानंदाबाई वाचणार. तुमी आमाला कुलूप लावून राहिल्या. माझ्या घरात मी रोज वरण खातो, मला कदी खारट लागलं न्हाई!"

"अंगद, बस," काका म्हणाले. त्यांनी पुसलेलं ताट परत पुसलं. "खारट हाय का, ज्ञानोबा?"

ज्ञानोबांनी पेपरची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तसं... म्हणजे उन्हाळ्यात जरा मीठ पायजेच अंगाला..."

"खारट हाय का?"

ज्ञानोबांनी मान खाली घातली.

काका खुर्चीत बसले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेलं त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. "मंगळवारी अळणी," ते स्वतःशी म्हणाले. "मंगळवारी मी गोलाईत असतो." त्यांनी आपला उजवा हात समोर धरला, मूठ वळली, उघडली. "ती दोनच घालायची. मी दोनच घालतो. एक दाणा जास्त न्हाई."

"काका, राहू द्या, मी पुसते," विशाखा म्हणाली. तिचा अंगठा मोबाइलवर होता.

"पुसू नका ताई."

आवाज मागून आला. शिवकन्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोक्यावरचा पदर नीट केलेला, कोपरापर्यंत पीठ, आणि दोन्ही हातांत ती चिनी मातीची बरणी. अंगद तिच्याकडे बघतच राहिला. काका अर्धवट उठले, बरणी घ्यायला हात पुढे केला. तिने बरणी दिली नाही. बरणी खाली टेबलावर ठेवून ती त्यांच्या पायाशी बसली, त्यांचा उघडा हात तिने आपल्या हातात घेतला. तिचा हात त्यात मावून वर जागा उरली.

"मामा," ती म्हणाली, "आत्याबाई गेल्या. त्यांच्या मुठी बी त्यांच्यासंगं गेल्या. वरणात मीठ आता मी घालते, आन् आज तुमी ते माझ्यासमोर बसून खायचं."